प्लेटलेट ६२ हजार, पण कुठल्या नळीत?

सीबीसीच्या रिपोर्टवर प्लेटलेटसमोर कधी १.३८ लाख छापलेले असते, कधी १३८. दुसऱ्या आकड्यापुढे बारीक अक्षरात ‘हजार’ असते, म्हणजे संख्या एकच. ती एका मायक्रोलिटर रक्तातली असते. मायक्रोलिटर म्हणजे एक घन मिलिमीटर. रक्ताच्या एका थेंबात असे साधारण पन्नास मावतात.

शेजारी छापलेली मर्यादा, समजा १.५ ते ४.१ लाख, निरोगी माणसांच्या तपासण्यांवरून ठरते. त्यांतल्या मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे घेतात, दोन्ही टोकांचे सोडतात. त्यामुळे शंभरांतले पाच धडधाकट लोकही मर्यादेबाहेर दिसणारच. यंत्र, वय, लिंग आणि तपासलेले लोक बदलले की मर्यादा सरकते. म्हणून १.३८ लाखाला एक लॅब ठळक अक्षरात ‘कमी’ म्हणेल, दुसरी म्हणणारही नाही. जुना रिपोर्ट शेजारी ठेवून पाहणे मला जास्त उपयोगाचे वाटते.

आता ६२ हजारांचा रिपोर्ट घ्या. ताप नाही, अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र तो गठ्ठा प्लेटलेट म्हणून मोजत नाही. काचपट्टीवर सूक्ष्मदर्शकाखाली गठ्ठे दिसतात. मग निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा रक्त घेतात. तिथे १.९ लाख आले, तर त्यातल्या द्रवाने रक्त पातळ झालेले असल्याने १.१ ने गुणायचे: सुमारे २.०९ लाख. मात्र डेंग्यूच्या तापात आकडा रोज घसरत असेल, तर ही शंका काढत घरी थांबू नये.