ऑइलच्या डेटाशीटवरचे तीन आकडे

इंजिन ऑइलच्या डेटाशीटवर पोअर पॉइंट, फ्लॅश पॉइंट आणि नोआक हे तीन आकडे बहुधा शेजारी शेजारी असतात. गिऱ्हाइकाच्या कामाचा त्यांतला खरा आकडा नोआक, आणि नेमका तोच पुष्कळदा छापलेला नसतो.

पोअर पॉइंट म्हणजे ऑइल ज्या सर्वांत कमी तापमानाला जेमतेम हलते ते तापमान. ऑइलची नळी थंड करत नेतात आणि दर ३ अंशांनी तिरकी करून पाहतात. म्हणून हे आकडे −३६, −३९, −४२ असे तीनच्या पटीत दिसतात. पण हलणारे ऑइल पंपाने ओढले जाईलच असे नाही. १९८०-८१च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या साउथ डकोटात हेच घडले. सावकाश गार होत गेलेल्या ऑइलमध्ये मेणाची जाळी धरली, पंपाला ऑइल मिळेना आणि इंजिने निकामी झाली. पोअर पॉइंटच्या चाचणीत मात्र ते ऑइल उत्तीर्ण होते. त्यानंतर सावकाश गार करून पंपक्षमता मोजण्याची चाचणी आली. आज ५डब्ल्यू ग्रेडच्या ऑइलला ती −३५ अंशांना द्यावी लागते. थंडीपुरता डब्ल्यूच्या आधीचा आकडा पाहिला की झाले.

फ्लॅश पॉइंटला ऑइलची वाफ ज्योत दाखवताच क्षणभर पेटते. बहुतेक ऑइलमध्ये तो २२० ते २४० अंशांच्या आसपास असतो. साठवण आणि वाहतुकीच्या नियमांसाठी तो लागतो. वापरलेल्या ऑइलमध्ये तो घसरला, तर पेट्रोल किंवा डिझेल मिसळल्याचा संशय येतो. नवा डबा निवडताना मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, कारण थोडासा हलका अंशही तो खाली आणतो. किती ऑइल उडेल, हे त्यावरून कळत नाही.

ते सांगते नोआक चाचणी. ऑइल २५० अंशांना तासभर तापवून वजनात किती टक्के घट झाली ते मोजतात. पिस्टन रिंगांजवळ ऑइलला असाच ताप सोसावा लागतो. हलका भाग उडाला की उरलेले ऑइल घट्ट होते, आणि गळती नसतानाही डिपस्टिकवरची पातळी उतरते. वाफ ब्रीदरमधून इनटेककडे जाते. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत, त्यामुळे तिथे काजळी साचायला या वाफेची भर पडते.

समजा, दोन ५डब्ल्यू-३० ऑइले आहेत आणि गाडीच्या मॅन्युअलमधले स्पेसिफिकेशन दोन्ही पाळतात. एकाचा पोअर पॉइंट −४२, नोआक १४ टक्के. दुसऱ्याचा −३६ आणि ९ टक्के. नागपूरच्या उन्हाळ्यात टर्बो गाडी दामटणाऱ्याने दुसरे घ्यावे. लडाखमध्येही −४२चा मोह नको, कारण ५डब्ल्यूची कसोटी दोघांनी दिलेलीच आहे. ९ आणि १० टक्क्यांमध्ये मात्र घासाघीस करण्यात अर्थ नाही. चाचणीतच तेवढा फरक पडू शकतो.

नोआक छापलेले नसेल तर डब्यावरचे स्पेसिफिकेशन वाचावे. एपीआय एसपी दर्जाच्या ५डब्ल्यू-३०ला १५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे, एसीईए सी३ला १३ टक्क्यांची.