डझन कशाचे? ऑर्डरच्या ईमेलमध्ये माप लिहिताना

ताईंनो, समजा दुकानदाराचा ईमेल आला: ‘उडीद पापड 5 डझन, 200 ग्रॅम.’ आपण 60 पापड बांधून ठेवले. त्याला मात्र हवी होती 60 पाकिटं, प्रत्येकी 200 ग्रॅमची, म्हणजे 12 किलो माल! डझन कशाचे, हे कुणी लिहिलंच नव्हतं.

म्हणून ऑर्डर आली की लगेच असं उत्तर पाठवा:

‘उडीद पापड. एका पाकिटात 200 ग्रॅम. पाकिटं 60 (5 डझन). एकूण निव्वळ वजन 12 किलो. बरोबर आहे ना?’

पाकिटांची संख्या गुणिले एका पाकिटाचं वजन, हा हिशोब एकूण वजनाशी जुळायलाच हवा. जुळत नसेल तर पीठ भिजवायच्या आधी फोन करा.

दशांशाचं टिंब नजरेतून सुटतं आणि 1.5 किलोचे 15 किलो होतात. त्यापेक्षा ‘1 किलो 500 ग्रॅम’ लिहा.

हळद, सोयाबीनसारखा मोठा माल असेल तर टनासोबत किलोही लिहा: 2 टन, म्हणजे 20 क्विंटल, म्हणजे 2000 किलो. आणि दर किलोचा की क्विंटलचा, तेही त्याच ओळीत टाका.