‘झाल्यात जमा’ म्हणजे नेमके किती झाले? अर्जित मूल्याचा हिशेब



मराठीत कामाच्या प्रगतीबद्दल बोलायला फार सोयीचे शब्द आहेत. ‘होत आलंय’, ‘झालंच समजा’, ‘झाल्यात जमा आहे’. तत्त्वज्ञान शिकवताना आम्हाला सवय लागली ती अशा शब्दांना अडवून विचारण्याची, की बाबा, ‘झाले’ म्हणजे काय? आज हाच प्रश्न एका हिशेबाच्या पद्धतीला विचारायचा आहे. तिला अर्नड व्हॅल्यू अॅनालिसिस म्हणतात. आपण तिला अर्जित मूल्याचा हिशेब म्हणू.

आपण सोलापूरकर आहोत, तेव्हा उदाहरण पाण्याचेच घेऊ. नळाला रोज पाणी न येणे म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले. उजनी धरणापासून शहरापर्यंत सुमारे ११० किलोमीटरची समांतर जलवाहिनी हे त्यातले सगळ्यांत चर्चेचे काम. त्या काळात आपण सगळे दोनच गोष्टी विचारत होतो: किती पैसे खर्च झाले, आणि किती काम झाले? या दोन प्रश्नांच्या मधला एक प्रश्न निसटत होता. त्या योजनेचे आकडे आम्ही इथे तपासणार नाही. हिशेब स्वच्छ दिसावा म्हणून एक छोटी, कल्पनेतली जलवाहिनी घेऊ.

दहा किलोमीटर लांबी, मुदत दहा महिने. ठेकेदाराने स्वतःच्या वहीत अंदाज बांधला आहे की दर किलोमीटरला एक कोटी रुपये खर्च येईल आणि महिन्याला एक किलोमीटर पुरे होईल. म्हणजे एकूण अंदाज दहा कोटी. चौथ्या महिन्याच्या अखेरीस बैठक भरते. हिशेबनीस सांगतो, ‘साहेब, आतापर्यंत चार कोटी खर्च होतील असं धरलं होतं, झाले तीन कोटी साठ लाख. चाळीस लाखांची बचत आहे.’ सगळे खूश.

आता बघा, ही बचत आहे का? नियोजित खर्च आणि प्रत्यक्ष खर्च यांच्या तुलनेत कामाचा पत्ताच नाही. काम बंद ठेवले असते तर ‘बचत’ आणखी मोठी दिसली असती! म्हणून तिसरा आकडा लागतो. साइटवर जाऊन मोजले तर जलवाहिनी तीनच किलोमीटर पुरी झालेली आहे. त्या तीन किलोमीटरला आपल्याच अंदाजपत्रकात किती किंमत लावली होती? तीन कोटी. हे अर्जित मूल्य, म्हणजे झालेल्या कामाची ठरलेल्या दराने किंमत. प्रत्यक्षात त्यावर किती उडाले, याच्याशी तिचा संबंध नाही.

आता तीन आकडे झाले. नियोजित मूल्य चार कोटी, अर्जित मूल्य तीन कोटी, प्रत्यक्ष खर्च तीन कोटी साठ लाख. यातून दोन निर्देशांक निघतात.

सीपीआय = अर्जित मूल्य ÷ प्रत्यक्ष खर्च = ३ ÷ ३.६ = ०.८३

एसपीआय = अर्जित मूल्य ÷ नियोजित मूल्य = ३ ÷ ४ = ०.७५

सीपीआय हा खर्चाचा निर्देशांक. साध्या भाषेत, खर्चलेल्या प्रत्येक रुपयातून ८३ पैशांचे काम पदरात पडले. एसपीआय वेळेचा: जेवढे काम व्हायला हवे होते, त्यातले पाऊणच झाले. एकच्या वर आकडा असेल तर बरे, खाली असेल तर विचारात पडायचे. चाळीस लाखांची बचत म्हणत होतो, तिथे साठ लाखांचे नुकसान निघाले.

पुढचा प्रश्न आपोआप येतो: हे असेच चालले तर शेवट कुठे होईल? एकूण अंदाज भागिले सीपीआय. दहा कोटींना ०.८३ ने भागले की बारा कोटी येतात. इथे ठेकेदार म्हणतो, ‘सुरुवातीला असं होतंच, पुढे भरून काढू.’ काढेलही, पण किती भरून काढावे लागेल ते पाहू या. उरलेले काम सात कोटींचे आणि उरलेला पैसा सहा कोटी चाळीस लाख. म्हणजे यापुढे प्रत्येक रुपयातून १ रुपया ९ पैशांचे काम काढावे लागेल. आजवर ज्याने ८३ पैशांचे काढले, तो उद्यापासून १०९ पैशांचे कसे काढणार? नवे यंत्र येणार आहे की खडकाळ जमीन संपली आहे? असे कारण दाखवता आले तर ऐकावे, नाहीतर ती फक्त आशा आहे.

या पद्धतीला ठाम रूप दिले ते अमेरिकेच्या संरक्षण खात्याने. १९६७ मध्ये त्यांनी मोठ्या कंत्राटांसाठी ३५ निकष लागू केले. त्या कंत्राटांचे आकडे साठत गेल्यावर डेव्हिड क्रिस्टेन्सन आणि इतर अभ्यासकांना दिसले, की काम वीस टक्के झाल्यावर सीपीआय सहसा फारसा सुधारत नाही. हा अनुभव मोठ्या संरक्षण कंत्राटांचा आहे. तो प्रत्येक लहान कामाला नियम म्हणून लावू नये, असे पुढच्या अभ्यासकांनी दाखवले. पण ‘पुढे भरून काढू’ या वाक्याकडे संशयाने पाहायला तो पुरेसा आहे.

इथपर्यंत सगळे सरळ भागाकार. खरी मेख आहे ती ‘तीन किलोमीटर पुरे झाले’ या वाक्यात. ते कुणी ठरवले?

तोच खर्च, तीन कोटी साठ लाख, पण जमिनीवर वेगळे चित्र घेऊ. चौथ्या महिन्याअखेर सहा किलोमीटरचे पाइप रस्त्याकडेला येऊन पडले आहेत. त्यांतले दोनच किलोमीटर चरात उतरवून जोडलेले आहेत. दाबचाचणी एकाही तुकड्याची नाही. एका किलोमीटरच्या एक कोटीची फोड अशी: पाइप ५० लाख, चर खणून पाइप बसवणे व जोडणे ३० लाख, दाबचाचणी १५ लाख, माती भरून रस्ता दुरुस्त करणे ५ लाख.

पाइप साइटवर आला की त्याचे मूल्य ‘अर्जित’ धरायचे, असा नियम केला तर सहा किलोमीटर पाइपांचे तीन कोटी आणि दोन किलोमीटर जोडणीचे साठ लाख, मिळून तीन कोटी साठ लाख. सीपीआय बरोबर एक, एसपीआय ०.९. म्हणजे जवळजवळ वेळेवर. आता नियम बदलू: पाइप चरात बसला तरच त्याचे मूल्य धरायचे. मग दोन किलोमीटर गुणिले ८० लाख, म्हणजे एक कोटी साठ लाख. एसपीआय थेट ०.४ वर येतो. जमिनीवर काहीही बदलले नाही. बदलला तो ‘झाले’ या शब्दाचा अर्थ.

इथे एक चूक हमखास होते. अर्जित मूल्यातून पडून असलेले पाइप वगळायचे, पण खर्चात मात्र ते ठेवायचे. मग सीपीआय १.६ ÷ ३.६, म्हणजे ०.४४ दिसतो आणि उगाच घबराट होते. दोन्ही बाजू एकाच ठिकाणी मोजायला हव्यात. पडून असलेल्या चार किलोमीटर पाइपांचे दोन कोटी खर्चातूनही बाजूला काढले, की सीपीआय पुन्हा एक येतो. खरे चित्र हे, की पैसा वाया गेलेला नाही, काम मात्र फार मागे आहे. उलट चूकही होते: काम झाले, पण उपठेकेदाराचे बिल अजून आले नाही म्हणून खर्चात धरले नाही. तेव्हा सीपीआय खोटाच गोंडस दिसतो. सीपीआय अचानक सुधारला तर आधी थकलेली बिले तपासावीत.

मग कोणता नियम धरावा? टप्प्यांचे वजन काम सुरू होण्याआधी ठरवून लिहून ठेवावे आणि मधे बदलू नये. तोंडी टक्के तर घेऊच नयेत. ‘नव्वद टक्के झालंय’ हे उत्तर तीन महिने सलग येऊ शकते. आपल्याकडे बांधकामात मेजरमेंट बुक असते, ज्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात. इंजिनिअरने प्रत्यक्ष मोजून केलेली नोंद तिच्यात असते. अर्जित मूल्य त्या नोंदीवरून निघावे, अंदाजावरून नाही.

शेवटची मर्यादा एसपीआयची. समजा साडेनऊ किलोमीटर जलवाहिनी पूर्ण झाली, पण मधे रेल्वेरुळाखालून जायची परवानगी अडली आहे. आकडा सांगेल, ९५ टक्के काम झाले. नळाला येणारे पाणी किती? शून्य. ठेकेदार सोपी, मोकळ्या माळावरची कामे आधी उरकतो आणि अवघड ओलांडण्या शेवटी ठेवतो, तेव्हा निर्देशांक छान दिसतात. आकड्याला रुपये दिसतात, क्रम दिसत नाही. शिवाय काम दोन वर्षे उशिरा संपले तरी शेवटी अर्जित मूल्य आणि नियोजित मूल्य सारखेच होते, म्हणजे एसपीआय एक! म्हणून उशीर महिन्यांत मोजलेला बरा. आपल्या पहिल्या उदाहरणात चौथ्या महिन्याअखेर तीन कोटींचे काम होते. योजनेत तीन कोटी कधी व्हायचे होते? तिसऱ्या महिन्याअखेर. म्हणजे आपण एक महिना मागे. हे वाक्य सगळ्यांना कळते.

व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारले, ‘सर, महापालिकेने कोणता आकडा बघावा?’ प्रश्न नेमका होता. मोजून झालेल्या कामाचेच पैसे ठरलेल्या दराने द्यायचे असे कंत्राट असेल, तर पालिकेच्या वहीत सीपीआय एकच्या आसपासच राहणार. तोटा दिसतो तो ठेकेदाराच्या वहीत, आणि ती पालिकेसमोर येत नाही. पण तोट्यातला ठेकेदार माणसे कमी करतो, काम रेंगाळते, कधी तो सोडूनही जातो. त्यामुळे पालिकेला त्याची पहिली खूण वेळेच्या आकड्यात सापडते. आम्ही ताईंना एवढेच सांगितले: दर महिन्याला तीन गोष्टी मागा. दाबचाचणी झालेले किलोमीटर किती, योजनेपेक्षा किती महिने मागे, आणि अडलेल्या ओलांडण्या कोणत्या. ‘झाल्यात जमा’ हे उत्तर आले, तर एमबीतले पान दाखवायला सांगा.