एकाच प्रश्नाच्या तीन किमती

टायटॅनिक १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडाली. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या चौकशीत बोटीवर २२०१ माणसं होती आणि त्यांतली ७११ वाचली, असा हिशेब निघाला. इतर मोजण्यांत हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण संख्याशास्त्र शिकवणारे हाच तक्ता वर्षानुवर्षं वापरत आले आहेत. त्यात माणसामागे चारच गोष्टी आहेत: स्त्री की पुरुष, मूल की प्रौढ, पहिला, दुसरा, तिसरा वर्ग की खलाशी-कर्मचारी, आणि शेवटी वाचला की नाही. डिसिजन ट्री फांद्या कशा फोडते हे हाताने मोजून पाहायला एवढा ऐवज पुरेसा आहे.

आपल्याला ट्रीकडून हवं आहे ते एवढंच: माणसाबद्दलचे पहिले तीन तपशील दिले की तो वाचला असेल का, याचा अंदाज. ट्री एका वेळी एक प्रश्न विचारते आणि उत्तरांप्रमाणे माणसांचे गट पाडते. मग प्रत्येक गटाला पुन्हा प्रश्न. तीन प्रश्न हाताशी आहेत, पण आधी कुठला विचारायचा?

चांगल्या प्रश्नाने गट शक्य तितके एकजिनसी व्हायला हवेत, म्हणजे एकीकडे बहुतेक वाचलेले आणि दुसरीकडे बहुतेक बुडालेले. तेव्हा आधी गट किती मिसळलेला आहे, हे एका आकड्यात सांगता आलं पाहिजे. क्लॉड शॅननने १९४८ साली संदेशवहनासाठी मांडलेली एन्ट्रॉपी इथे उपयोगी पडते.

```
H = -p*log2(p) - q*log2(q)
G = 1 - p^2 - q^2
```

वरची ओळ एन्ट्रॉपीची, खालच्या ओळीकडे नंतर येऊ. p म्हणजे गटातल्या वाचलेल्यांचं प्रमाण, q म्हणजे बुडालेल्यांचं. लॉगरिदम पाहून दचकायचं कारण नाही. जी गोष्ट क्वचित घडते ती घडल्याचं कळलं तर नवल जास्त, नेहमीची घडली तर कमी. हे नवल मोजायचं काम लॉगरिदम करतो. संपूर्ण बोटीचं पाहू. वाचलेले ७११, म्हणजे ०.३२३. कुणी वाचल्याचं कळलं तर नवल १.६३ बिट. बुडाल्याचं कळलं तर ते फक्त ०.५६ बिट, कारण बुडालेले ०.६७७ आहेत, तेच अपेक्षित होतं. आता सरासरी काढायची (इथले आणि पुढचे हिशेब पूर्ण दशांश धरून केले आहेत, छापताना आकडे तोडले आहेत): ०.३२३ गुणिले १.६३ म्हणजे ०.५२७, ०.६७७ गुणिले ०.५६३ म्हणजे ०.३८१, बेरीज ०.९०८ बिट. ही बोटीची एन्ट्रॉपी. निम्मे वाचले आणि निम्मे बुडाले असते तर ती बरोबर १ आली असती. सगळेच वाचले किंवा सगळेच बुडाले असते तर शून्य.

आता पहिला प्रश्न विचारून पाहू: स्त्री की पुरुष? स्त्रिया ४७०, त्यांतल्या ३४४ वाचल्या. या गटाची एन्ट्रॉपी ०.८३९. पुरुष १७३१, त्यांतले ३६७ वाचले, एन्ट्रॉपी ०.७४५. या दोन आकड्यांची साधी सरासरी घेतली तर फसगत होते, कारण पुरुषांचा गट स्त्रियांच्या पावणेचारपट आहे. म्हणून प्रत्येक गटाच्या एन्ट्रॉपीला त्या गटातल्या माणसांच्या प्रमाणात वजन द्यायचं. तसं केल्यावर ०.७६५ येतात. आधी ०.९०८ होते, आता ०.७६५ उरले, मधला फरक ०.१४२ बिट. यालाच इन्फर्मेशन गेन म्हणतात. प्रश्नाचं उत्तर कळल्यामुळे जेवढी अनिश्चितता गेली, तेवढा त्या प्रश्नाचा गेन.

हाच हिशेब वर्गाच्या प्रश्नाला लावला तर गेन ०.०५९ येतो. वयाच्या प्रश्नाला जेमतेम ०.००६. वयाचं कारण आकड्यांतच दिसतं: मुलं फक्त १०९ होती. त्यांतली ५७ वाचली, म्हणजे त्यांचा गट जवळजवळ निम्मानिम्मा. आणि उरलेल्या २०९२ प्रौढांचं चित्र मूळ बोटीसारखंच राहिलं. ‘बायका आणि मुलं आधी’ हा हुकूम सगळ्यांनी ऐकलेला असतो, त्यामुळे वयाचा गेन इतका कमी पाहून पहिल्यांदा चुकल्यासारखं वाटतं. पण गेनमध्ये गटाचा आकारही धरलेला आहे. छोट्या गटाबद्दल कितीही महत्त्वाचं काही कळलं तरी एकूण अनिश्चितता त्याने फारशी हलत नाही.

तेव्हा मुळाशी स्त्री-पुरुष हाच प्रश्न बसतो. इथून पुढे ट्री दोन्ही फांद्यांवर स्वतंत्रपणे तोच खेळ पुन्हा मांडते, आणि मला या सगळ्या पद्धतीतला सर्वांत बोलका भाग इथेच दिसतो.

स्त्रियांच्या फांदीवर वर्ग विचारा. पहिल्या वर्गातल्या १४५ पैकी १४१ वाचल्या. दुसऱ्या वर्गातल्या १०६ पैकी ९३. कर्मचारी स्त्रिया २३, वाचल्या २०. आणि तिसऱ्या वर्गातल्या १९६ पैकी फक्त ९०. या फांदीवर वर्गाचा गेन ०.२१९ निघतो. संपूर्ण बोटीवर याच प्रश्नाची किंमत ०.०५९ होती, इथे ती जवळजवळ चौपट झाली. आता पुरुषांच्या फांदीवर तोच प्रश्न विचारला तर गेन ०.०१२. स्त्रियांमध्ये वर्गाने जीव वाचवला किंवा घेतला. पुरुष मात्र सगळ्याच वर्गांत बहुसंख्येने बुडाले. म्हणजे ‘वर्ग हा घटक किती महत्त्वाचा?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. आधी काय विचारून झालंय, त्यावर ते ठरतं.

पुरुषांच्या फांदीवर जरा थांबू, कारण एन्ट्रॉपीची गरज काय, साध्या चुका मोजून का भागत नाही, हे तिथे नेमकं कळतं. गटात ज्यांची संख्या जास्त तेच उत्तर सगळ्यांसाठी द्यायचं ठरवलं, तर १७३१ पुरुषांना ‘बुडाला’ म्हणून ३६७ चुका होतील. वर्गाप्रमाणे फोडल्यावर पहिल्या वर्गात १८० पैकी ६२ वाचलेले, दुसऱ्यात १७९ पैकी २५, तिसऱ्यात ५१० पैकी ८८, कर्मचाऱ्यांत ८६२ पैकी १९२. चारही गटांत बुडालेलेच जास्त, म्हणून उत्तर चारही ठिकाणी ‘बुडाला’ आणि चुका ६२, २५, ८८, १९२, बेरीज पुन्हा ३६७. चुकांच्या मापाने फायदा शून्य. वयाप्रमाणे फोडलं तरी ३६७ च, कारण ६४ मुलग्यांतलेही ३५ बुडाले. चुका मोजणारी ट्री इथे आंधळी होते. दोन प्रश्नांत तिला फरकच दिसत नाही. वास्तविक पहिल्या वर्गातल्या पुरुषाची वाचण्याची शक्यता ३४ टक्के आणि दुसऱ्या वर्गातल्याची १४ टक्के, ही लहान गोष्ट नव्हे. एन्ट्रॉपीला ती दिसते, कारण तिचा आलेख कमानीसारखा आहे: सगळी प्रमाणं निम्म्याच्या अलीकडेच राहिली तरी वेगवेगळ्या प्रमाणांच्या गटांची सरासरी एन्ट्रॉपी मूळ गटापेक्षा कमी भरते, चुकांचा आलेख मात्र तिथे सरळ रेषा असतो. तिच्या लेखी वर्गाचा गेन ०.०१२, वयाचा ०.००८, म्हणून इथेही आधी वर्ग.

आता वरच्या चौकटीतली दुसरी ओळ. जिनी इम्प्युरिटी समजायला सोपी आहे. गटातला एक माणूस डोळे मिटून निवडा आणि त्याचं काय झालं याचा अंदाज त्याच गटातल्या प्रमाणाने, तोही डोळे मिटूनच करा. तो अंदाज चुकण्याची शक्यता म्हणजे जिनी. निम्मानिम्मा गट असेल तर ०.५, एकजिनसी असेल तर शून्य. कोर्रादो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाचं विविधतेच्या मापांवरचं पुस्तक योगायोगाने १९१२ सालचंच. ट्रीमध्ये हे माप रुजवलं ते ब्रायमन, फ्रीडमन, ओल्शन आणि स्टोन यांच्या १९८४ च्या ‘कार्ट’ या पुस्तकाने. इन्फर्मेशन गेनची वाट रॉस क्विनलनच्या आयडी३ ने रुळवली, त्यावरचा त्याचा गाजलेला लेख १९८६ चा.

बोटीची जिनी ०.४३७. स्त्री-पुरुष विचारल्यावर ती ०.०९१ ने उतरते, वर्गाने ०.०३८ ने, वयाने ०.००४ ने. क्रम तोच. पुरुषांच्या फांदीवरही वर्ग वयाच्या पुढेच राहतो. हे नवल नाही, कारण दोन्ही मापांच्या कमानी जवळपास सारख्याच आहेत. जिनीत लॉगरिदम नसल्याने गणित थोडं हलकं पडतं. पायथॉनच्या scikit-learn मध्ये आपण काही सांगितलं नाही तर criterion="gini" हेच धरलं जातं. दोघांतलं कुठलं घ्यावं यावर रात्र जागवणाऱ्यांनी तो वेळ दुसरीकडे लावावा, असं माझं मत आहे.

दुसरीकडे म्हणजे कुठे, तेही सांगतो. समजा तक्त्यात प्रवाशाच्या नावाचा रकाना होता आणि आपण तोही ट्रीला दिला. नाव विचारलं की २२०१ गट पडतील, प्रत्येकात एक माणूस. एका माणसाच्या गटात मिसळ कसली? एन्ट्रॉपी शून्य, गेन पूर्ण ०.९०८, आणि स्त्री-पुरुष हा प्रश्न सपशेल हरला. नव्या माणसाबद्दल मात्र ही ट्री काहीच सांगू शकत नाही. ज्या प्रश्नाला उत्तरं पुष्कळ त्याच्याकडे गेनचा कल असतो, जिनीचाही. क्विनलनने यावर उतारा काढला तो गेन रेशो: गेनला फोडणीच्या स्वतःच्या एन्ट्रॉपीने भागायचं. नावाने फोडल्यावर ही एन्ट्रॉपी ११.१ बिट होते, तेव्हा रेशो ०.०८२ वर येतो. स्त्री-पुरुष फोडणीची एन्ट्रॉपी ०.७४८, रेशो ०.१९०. हरलेला प्रश्न पुन्हा पहिला. कार्टने दुसरी वाट धरली: फोडणी नेहमी दोनच भागांत करायची, त्यामुळे एका घावात २२०१ तुकडे होतच नाहीत.

पण दोन-दोन करत खोल जात राहिलं तर शेवटी तुकडे तेवढेच होतात. scikit-learn ला थांब म्हटलं नाही तर ती पानं शुद्ध होईपर्यंत किंवा फोडायला काही उरत नाही तोपर्यंत फोडत जाते. हे घडतंय का, ते ओळखायला काही माणसं आधीच बाजूला काढून ठेवावी लागतात. ट्री बांधायला वापरलेल्या माणसांवर उत्तरं जवळजवळ अचूक आणि बाजूला ठेवलेल्यांवर बरीच चुकीची आली, तर ट्रीने नियम शिकण्याऐवजी पाठांतर केलंय. उपाय सरळ आहे: पानात अमुक माणसांपेक्षा कमी उरणार असतील तर फोडायचं नाही.

```python
DecisionTreeClassifier(criterion="entropy", min_samples_leaf=30)
```

इथे ३० हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. खरा आकडा बाजूला ठेवलेल्या माणसांवर पारखूनच ठरवायचा. पण तो ३० ठेवला तर त्या २३ कर्मचारी स्त्रियांना स्वतःचं पान मिळणार नाही, त्या दुसऱ्या कुठल्या तरी वर्गाबरोबर जातील. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्गाबरोबर गेल्या तर अंदाज ‘वाचली’ असाच राहील. तिसऱ्या वर्गाबरोबर गेल्या तरी एकत्र २१९ पैकी ११० वाचलेल्या, म्हणजे त्या पानाचं उत्तर अवघ्या एका स्त्रीच्या फरकाने ‘वाचली’ असं पडेल.