पान कोरं निघतंय? आधी सील पट्टी बघा

धारणीत प्रिंटआउटचं दुकान टाकलं, परतवाड्याहून नवीन टोनर आणलं आणि पान कोरंच निघालं, तर कार्ट्रिज खराब म्हणून लगेच परत नेऊ नका. कॅनन एलबीपी २९०० चं उदाहरण घेऊ.

पाकीट प्रिंटरजवळच फोडा. कार्ट्रिज आडवं धरून ५-६ वेळा हळू हलवा, पावडर सारखी पसरते. मग टेबलावर ठेवून बाजूचा टॅब मोडा आणि सील पट्टी सरळ ओढा. जवळपास ५० सेंटीमीटर पट्टी निघते. तिरपी ओढली तर मध्येच तुटते. पट्टी आत राहिली की पावडर बाहेर येतच नाही, म्हणून पान कोरं.

ड्रमवरचं झाकण उघडू नका. ड्रमवर अक्षर उमटतं ते उजेडानेच, त्यामुळे बाहेरचा उजेड जास्त लागला की छपाई बिघडते. पाच मिनिटांत बसवा. गिऱ्हाईक आलं तर आधी कार्ट्रिज पाकिटात ठेवा.

पानावर दर साडेसात सेंटीमीटरवर तोच डाग येतोय? ड्रमचा एक फेरा तेवढाच असतो. म्हणजे ड्रमला बोट किंवा ओरखडा लागलाय.