दोन सिस्टिम, एक एसएसडी

विंडोज आणि लिनक्स एकाच संगणकावर बसवल्याने गेमचा वेग कमी होत नाही. सुरू करताना निवडलेली सिस्टिमच चालते. प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड पूर्णपणे तिच्याच ताब्यात असतात. दुसरी फक्त डिस्कवरची जागा अडवते. अडचण होते ती इथेच, कारण एसएसडी काठोकाठ भरली की तिचा लिहिण्याचा वेग घटतो.

१ टीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ९३१ जीबी दिसते. बहुतेक गेम विंडोजवर खेळायचे असतील तर तिला ७०० जीबी द्यावेत, लिनक्सला उरलेले २३०. दोन्हीकडे थोडी जागा मोकळी राहू द्यावी. विंडोजचा भाग तिच्याच `diskmgmt.msc` मधून लहान करावा. त्याआधी बॅकअप घ्यावा आणि बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की जपून ठेवावी.

एकच गेम दोन्हीकडून चालवण्याचा मोह टाळलेला बरा. विंडोजच्या एनटीएफएस विभागातला गेम लिनक्सवर प्रोटॉनमधून अनेकदा सुरूच होत नाही. शिवाय विंडोजचे फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शटडाउननंतरही तो विभाग अर्धवट उघडा राहतो आणि लिनक्सला त्यावर लिहिता येत नाही. म्हणून फास्ट स्टार्टअप बंदच ठेवावे.