आठवड्याचा तक्ता: आधी बाण, मग पदार्थ

फ्रिजच्या दारावर चिकटवलेली चिठ्ठी, व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेला मेसेज, किराण्याच्या यादीच्या मागे खरडलेली ओळ आणि उरलेलं सगळं डोक्यात. बहुतेक घरांत आठवड्याच्या जेवणाचा विचार असा विखुरलेला असतो. कल्पनांची कमी कधीच नसते, तरी संध्याकाळी सात वाजता ओट्यापाशी ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न असतोच. कारण मटकीची उसळ करायची हे सुचलेलं असतं खरं, पण मटकी भिजत घालायची वेळ परवाच उलटून गेलेली असते.

एक घर उदाहरणादाखल घेऊ. आई-बाबा दोघंही नोकरीला, मुलगा सातवीत, आणि आजी. आजींचा गुरुवारचा उपास, तो रात्री सोडायचा. मंगळवारी आईला घरी यायला आठ वाजतात. बुधवारी आणि रविवारी सामिष चालतं, पण आजी ते खात नाहीत. बाजार रविवारी संध्याकाळी. चिठ्ठ्यांवर लिहिलेलं असं आहे: मटकी संपवायची आहे, मेथी, इडली (मुलगा मागे लागलाय), दही आंबट झालंय, दुधी, पावभाजी, वरणफळं, फ्लॉवर, थालीपीठ, चिकन, ‘तेल कमी करा’.

ही यादी नीट पाहिली तर तिच्यात तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. वरणफळं, इडली, पावभाजी हे पदार्थ आहेत. मटकी, दुधी, आंबट दही हा माल आहे, त्याचं काय करायचं ते अजून ठरायचं आहे. आणि ‘तेल कमी करा’ ही तंबी आहे, ती कुठल्याच चौकटीत बसणार नाही. ती कागदाच्या वर लिहून ठेवावी आणि तक्ता भरून झाल्यावर तिच्या नजरेनं एकदा सगळं पाहावं. मालाचे मात्र लगेच पदार्थ करायचे: दह्याची कढी, दुधीची चणाडाळ घालून भाजी. हे न करता यादी जशीच्या तशी तक्त्यात उतरवली की बुधवारच्या चौकटीत नुसतं ‘दुधी’ असं लिहिलेलं राहतं आणि सात वाजताचा प्रश्न जागच्या जागी राहतो.

आता कागद आडवा धरून सात ओळी आखाव्यात. रकाने चार: नाश्ता, डबा, रात्र आणि ‘पुढच्यासाठी’. हा चौथा रकाना बहुतेक जण शेवटी, जागा उरली तर भरतात. माझ्या मते तक्त्याला सुरुवातच तिथून करायला हवी. आज काय जास्त करायचं आणि ते कुठल्या चौकटीत जाणार, आज रात्री काय भिजत घालायचं, हे त्यात येतं.

त्याच्याही आधी न हलणाऱ्या चौकटी भरून टाकाव्यात. गुरुवारी सकाळी साबुदाण्याची खिचडी, बुधवारी रात्री अंडाकरी, रविवारी दुपारी चिकन, मंगळवारी रात्री जे काही असेल ते अर्ध्या तासात व्हायला हवं. मंगळवारची ही अडचण सुटते ती सोमवारी. सोमवारी वरणभाताला अर्धी वाटी तूरडाळ जास्त लावायची आणि फोडणी न देता ते वरण वेगळं काढून ठेवायचं. मंगळवारी त्यालाच फोडणी, गूळ, आमसूल, आणि उकळी आली की लाटून कापलेल्या कणकेचे तुकडे. वरणफळं अर्ध्या तासात पानात पडतात.

यातला ‘फोडणी न देता’ हा तपशील महत्त्वाचा. मुद्दाम उरवायचं ते शक्यतो अर्ध्या वाटेवर उरवावं. साध्या वरणाची आमटी होते, वरणफळं होतात, पालक घालून डाळपालक होतो. चिंचगुळाची आमटी उरली तर ती आमटीच राहते, फार तर थालीपिठात जाते. दुधीचंही तसंच. अर्ध्याची भाजी करावी, उरलेला अर्धा कच्चाच ठेवून दुसऱ्या दिवशी थालीपिठात किसावा. मटकीला मोड आले की सगळीची उसळ न करता निम्मी तशीच डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवावी. ती दोन दिवस चांगली राहते आणि शुक्रवारी मसालेभातात पडते.

भिजवण्याची कामं तक्त्यात उलटी मोजायची असतात. बुधवारच्या डब्यात उसळ हवी तर मटकी सोमवारी रात्री भिजत पडायला हवी. मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधली की उन्हाळ्यात बुधवारी सकाळपर्यंत मोड येतात. थंडीत आणखी अर्धा दिवस धरावा, म्हणजे भिजवणं सोमवारी सकाळवर जातं. शनिवारी इडली हवी तर तांदूळ आणि उडीदडाळ, तीनास एक या मापानं, शुक्रवारी सकाळी भिजत घालून संध्याकाळी वाटायला हवं. पीठ रात्रभरात फुगून येतं, थंडीत त्यालाही जास्त वेळ लागतो.

भाज्यांचा क्रम बाजारच ठरवून देतो. रविवारी आणलेली मेथी सोमवारीच संपवायची, कोबी शुक्रवारपर्यंत थांबतो. या घराचा तक्ता असा झाला:

| वार | नाश्ता | डबा | रात्र | पुढच्यासाठी |
|---|---|---|---|---|
| सोम | पोहे | मेथीची भाजी, पोळी | वरणभात, कोशिंबीर | साधं वरण → मंगळ रात्र. चार पोळ्या → मंगळ नाश्ता. मटकी भिजत |
| मंगळ | फोडणीची पोळी | फ्लॉवर-बटाटा, पोळी | वरणफळं | अर्धा फ्लॉवर → शनि रात्र. सकाळी मटकी बांधणे |
| बुध | उपमा | मटकीची उसळ, पोळी | अंडाकरी, भात | उसळ → आजींना रात्री, कच्ची मटकी → शुक्र रात्र, भात मोजून, साबुदाणा, चणाडाळ भिजत |
| गुरु | साबुदाण्याची खिचडी | दुधी-चणाडाळ, पोळी | मुगाची खिचडी, कढी | अर्धा दुधी → शुक्र नाश्ता |
| शुक्र | दुधीचं थालीपीठ | कोबीची भाजी, पोळी | मटकी घालून मसालेभात | सकाळी तांदूळ-डाळ भिजत. अर्धा कोबी → शनि रात्र |
| शनि | इडली-चटणी | घरी: भरली वांगी, भाकरी | पावभाजी | पीठ → रवि नाश्ता, वांगी → आजींना रवि दुपारी |
| रवि | उत्तपे | घरी: चिकन, भाकरी | रिकामी | बाजार, नवा तक्ता |

बुधवारच्या ओळीत ‘भात मोजून’ असं लिहिलंय, ते का? अंडाकरीबरोबर भात जास्त लावायचा आणि सकाळी फोडणीचा भात करायचा, हे कुणालाही सुचेल. पण तो बाण जाऊन पडतो गुरुवारच्या सकाळी, आणि तिथे उपासाची खिचडी आधीच बसलेली आहे. भात उरला तर शुक्रवारपर्यंत रेंगाळणार. म्हणून त्या रात्री भात उरवायचाच नाही. असे आपटणारे बाण कागदावर चटकन दिसतात, डोक्यातल्या बेतात ते कधीच दिसत नाहीत.

तेवढ्यासाठी बाण दोन्ही टोकांना लिहावा. सोमवारच्या ओळीत ‘वरण → मंगळ रात्र’ आणि मंगळवारच्या चौकटीत वरणफळांपुढे कंसात ‘सोमचं वरण’. छापायला जागा नाही म्हणून वर तो कंस दिलेला नाही. एकाच टोकाला लिहिलं तर मंगळवारी स्वयंपाक करणारा माणूस, तो दुसराच कुणी असेल तर विशेष, नवी डाळ लावून मोकळा होतो आणि वरणाचा डबा फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात जातो.

बाण किती लांब असावा, याला मर्यादा आहे. शिजवलेल्या पदार्थाचा बाण एक रात्र ओलांडून जावा, फार तर दोन. आणि उरलेल्यातून केलेला पदार्थ पुन्हा उरवायचा नाही. फोडणीची पोळी उरली तर तिचा प्रवास तिथेच संपला.

भाताच्या बाबतीत तर जास्तच काटेकोर राहायला हवं. तांदळावर ‘बॅसिलस सिरियस’ नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्यातही टिकतात. भात तासन् तास बाहेर राहिला की ते वाढतात आणि जे विष तयार करतात, ते पुन्हा गरम केल्यानं जाईलच असं नाही. रात्रीचा भात ओट्यावर झाकून ठेवून सकाळी फोडणीला टाकणं ही आपल्याकडची जुनी पद्धत, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात ती पाळू नये. जेवणं झाली की भात ताटात पसरून निववावा, तासाभरात फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी एकदाच वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. बाकी शिजवलेलं अन्नही दोन तासांच्या वर बाहेर नको.

तक्ता भरून झाला की तो आधी आडवा वाचावा, मग उभा. आडवं वाचताना एका दिवसाचं ओझं कळतं. या घरात शुक्रवारी सकाळी थालीपीठ, डबा आणि इडलीचं भिजत घालणं, आणि संध्याकाळी वाटण व मसालेभात असं सगळं एकाच दिवशी आलंय. झेपणार नसेल तर मसालेभाताऐवजी मटकीची साधी फोडणीची खिचडी करावी. उभं वाचताना तोचतोपणा कळतो. रात्रीच्या रकान्यात वरण, वरणफळं, मुगाची खिचडी असे डाळीचे तीन पदार्थ चार दिवसांत आलेत. मला ते चालतं, मुलगा नाक मुरडेल.

रविवारची रात्र रिकामी आहे, तिथे काही भरायचा मोह टाळावा. आठवड्यात एखादे दिवशी पाहुणे येतात, एखादे दिवशी बाहेरून काही येतं, आणि एखादा बाण चुकतोच. चुकलेलं सगळं त्या चौकटीत जमा होतं. रविवारी फ्रिजमध्ये तीन-चार डबे निघाले तर बाण जास्त झालेत, पुढच्या आठवड्यात दोन कमी करावेत. काहीच निघालं नाही तर पिठलंभात आहेच.

जुना तक्ता फेकू नये. न झालेल्या पदार्थावर काट मारून ठेवावी. तीन आठवडे एकाच चौकटीत काट पडत असेल तर चूक पदार्थाची नसते, तो वारच त्याला सोयीचा नसतो. पदार्थ दुसऱ्या वारी हलवावा.